खुर्चीचा पगार कुठून येतो?

पेशा आणि पैसा : भाग ७

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घालणारी अधिसूचना काढली आणि दुसऱ्या दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. शेतकरी रस्त्यावर उतरले, संध्याकाळपर्यंत ती राज्याची बातमी झाली. पत्रकारितेत यायचे म्हणणारी मुले ‘रिपोर्टिंग घेऊ, डेस्क घेऊ की डिजिटल?’ असे विचारतात, तेव्हा मी त्यांना अशा एखाद्या दिवसाचा हिशोब मांडायला सांगतो. बातमी एकच असते, पण ती निदान तीन खुर्च्यांवरून जाते आणि त्या तिन्ही खुर्च्यांचे पैसे वेगवेगळ्या खिशांतून येतात. कुठल्या खिशातून, हे कळले की त्या खुर्चीवर किती दिवस बसता येईल आणि काय लिहिता येणार नाही, याचाही अंदाज येतो.

सुरुवात तालुक्याच्या वार्ताहरापासून करू, कारण बातमीही तिथूनच सुरू होते. बाजार आवारात सकाळी ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या असतात तेव्हा तो तिथे असतो. वाचकाला तो ‘पेपरचा माणूस’ वाटतो, पण बहुतेक ठिकाणी तो पेपरचा नोकर नसतो. त्याला मिळते ते मानधन, आणि ते इतके तुटपुंजे की तो शिकवण्या घेतो, एजन्सी चालवतो किंवा दुकान सांभाळतो. त्याची खरी कमाई असते जाहिरातीवरच्या कमिशनची. आता तालुक्यात जाहिरात देणारे कोण? पतसंस्था, साखर कारखाना, शिक्षणसंस्था, आमदारांचा वाढदिवस, आणि हो, कांद्याचे व्यापारी आणि बाजार समितीसुद्धा. दिवाळीला आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीला त्याला ठरलेल्या आकड्याइतक्या जाहिराती आणून द्याव्या लागतात.

लिलाव बंद पडल्याच्या दिवशी हा माणूस कुठल्या पेचात असतो बघा. लिलाव व्यापाऱ्यांनी थांबवले, शेतकऱ्यांनी बंद पाडले की समितीने पुढे ढकलले, हा त्या बातमीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. या तिघांपैकी दोघे त्याचे जाहिरातदार असतात. अशा वेळी खोटे क्वचितच लिहिले जाते. वाक्यातून कर्ता तेवढा निघून जातो आणि ‘लिलाव बंद ठेवण्यात आले’ असे छापून येते. ज्या बातमीत मोक्याच्या ठिकाणी कोणी काय केले हे सांगणारा माणूसच नसतो, तिथे एक तर माहिती मिळालेली नसते, नाहीतर मिळूनही गिळलेली असते. डेस्कवर वर्षभर बसलेल्याला यातला फरक ओळखता येऊ लागतो.

पैसे देऊन बातमी छापून घेण्याचा प्रकार २००९च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात उघडा पडला आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर अहवालही तयार केला. पण ते मालकांच्या पातळीवरचे प्रकरण होते. तालुक्यात ही व्यवस्था इतकी रोजची आहे की तिला कोणी नाव देत नाही.

शहरातला पगारी बातमीदार यापेक्षा मोकळा असतो, निदान त्याच्या मागे जाहिरातीचे टार्गेट नसते. महापालिका, मंत्रालय, क्राइम अशी एखादी बीट त्याला मिळते. पहिली दोन-तीन वर्षे त्याचा पगार बरोबरच्या मित्रांना सांगण्यासारखा नसतो. मोठ्या शहरांत ढोबळमानाने १५ ते २५ हजारांच्या दरम्यान, जिल्ह्याच्या ठिकाणी त्याहून कमी. एवढ्या पैशांत पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहायचे म्हणजे घरून मदत हवी, आणि ज्यांच्या घरून मदत येऊ शकत नाही ती मुले या टप्प्यावर गळतात. न्यूजरूममध्ये कुठल्या घरांतली माणसे दिसतात आणि कुठली दिसत नाहीत, याचे एक कारण या पहिल्या तीन वर्षांत दडलेले आहे. मात्र बातमीदार या काळात जे कमावतो ते त्याच्याबरोबर जाते. कुठली फाइल कुठल्या टेबलावर अडकली आहे हे रात्री नऊला फोनवर सांगणारा कारकून पेपर बदलला तरी त्याचाच राहतो.

आता संध्याकाळचा डेस्क. उपसंपादकासमोर चार तालुक्यांच्या कॉप्या, वृत्तसंस्थेची एक आणि दिल्लीची एक अशी चवड येऊन पडते. एका कॉपीत ‘निर्यात कायमची बंद’ असते. अधिसूचनेत मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंतच आहे आणि आधीच जहाजावर चढू लागलेल्या मालाला सवलतही आहे. दुसऱ्या कॉपीत कालचा भाव एका आकड्यात दिलेला असतो. बाजार समिती किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव देते. कमाल भाव एखाद्याच उत्तम लॉटला मिळालेला असू शकतो. तो मथळ्यात गेला तर शहरातला वाचक म्हणतो, शेतकरी तर मजेत आहे. किमान गेला तर उलटे. मथळ्यात सरासरी जायला हवी, आणि तीही क्विंटलची की किलोची हे तपासून. हे सगळे करायला हातात वेळ असतो तासाभराचा, कारण लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती आधी सुटते आणि शहर आवृत्ती मध्यरात्रीच्या सुमाराला. चूक निस्तरली तर कुणाला कळत नाही. राहिली तर सकाळी सगळ्यांना कळते. बायलाइन मात्र बातमीदाराची.

या खुर्चीचा पैसा छापील पानातून येतो, आणि तो आटतो कसा हे समजायला साधे गणित पुरे. बारा पानी अंकाला साधारण ५० ग्रॅम कागद लागतो. कागद किलोला ६० रुपये धरला तर निव्वळ कागदाचे तीन रुपये झाले. अंकाची किंमत पाच रुपये असेल आणि विक्रेत्या साखळीचा वाटा दीड रुपया धरला, तर हाती साडेतीन उरतात. शाई, छपाई, गाडी आणि माणसे यांसाठी अर्धा रुपया. म्हणजे अंक विकून पगार निघत नाही, तो जाहिरातीतूनच निघतो, आणि जाहिरात आक्रसली की आधी पाने कमी होतात, मग आवृत्त्या, मग माणसे. ‘डीएनए’ची मुंबईतली छपाई ऑक्टोबर २०१९ मध्ये थांबली, ‘मुंबई मिरर’ने दैनिक बंद करून साप्ताहिक होत असल्याचे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले. मराठी पेपरांत अशी एकदम पडझड कमी दिसते. तिथे एकाच ठिकाणच्या डेस्कवरून अनेक जिल्ह्यांची पाने लावली जातात, आणि निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही. बाहेरून काहीच हलल्यासारखे दिसत नाही.

कायद्याचा आधार होता. १९५५चा श्रमिक पत्रकार कायदा पत्रकाराला कामाचे तास, छाटणीपूर्वीची नोटीस आणि उपदान देत होता. सदसद्विवेकबुद्धीच्या कारणावरून राजीनामा देणाऱ्याला तीन वर्षांच्या सेवेनंतरही उपदानाचा हक्क होता, अशी तरतूद दुसऱ्या पेशांत सहसा सापडायची नाही. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने त्या २०१४ मध्ये वैध ठरवल्या आणि २०१७ मध्ये कंत्राटी पत्रकारांनाही त्या लागू असल्याचे सांगितले. तरी अंमलबजावणीसाठी पत्रकारांना कामगार न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, आणि तोपर्यंत नवी भरती कंत्राटावर होऊ लागली होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत तो जुना कायदा विलीन झाला आहे. तिथे डिजिटल माध्यमात काम करणाराही ‘श्रमिक पत्रकार’ या व्याख्येत आला, पण वेतन मंडळ नेमण्याची तरतूद राहिली नाही. ओळख मिळाली आणि दरपत्रक गेले, असा हा सौदा आहे.

डिजिटलची खुर्ची तरुणांना लवकर मिळते, कारण तिथे भरती सतत चालू असते. निर्यातबंदीच्या दिवशी या माणसाने सकाळीच दहा ओळींची बातमी चढवलेली असते, नोटिफिकेशन सोडलेले असते, दुपारी ‘कांदा निर्यातबंदी म्हणजे काय’ आणि संध्याकाळी एक रील केलेले असते. त्याचा हिशोब पानाच्या वाचनांवर चालतो. समजा, हजार वाचनांमागे जाहिरातीचे ४० रुपये मिळतात. वीस हजार पगाराच्या माणसाला फक्त स्वतःचा पगार भरून काढायला महिन्याला पाच लाख वाचने आणावी लागतील. २६ दिवस कामाचे धरले तर रोज एकोणीस हजारांवर. दहा बातम्या टाकल्या तर प्रत्येकीला सरासरी एकोणीसशे. कांद्याच्या दिवशी हा आकडा सहज निघतो. इतर दिवशी तो निघतो राशिभविष्याने, अभिनेत्रीच्या लग्नाने आणि ‘तुम्हालाही धक्का बसेल’ या मथळ्याने. शिवाय वाचक गूगल किंवा फेसबुक पाठवते, आणि त्यांनी आपले नियम बदलले की मेहनत तीच राहून आकडा निम्म्यावर येऊ शकतो. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये बातम्यांच्या पानांना मागे सारून मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट पुढे आणल्या, तेव्हा हे अनेक संकेतस्थळांनी अनुभवले.

म्हणून डिजिटलमध्ये जाताना पहिला प्रश्न विचारावा तो संस्थेच्या पैशाचा : वाचक वर्गणी भरतो की फक्त जाहिरात चालते? वर्गणीवर चालणाऱ्या ठिकाणी कमी आणि खोल लिहिणाऱ्याला किंमत असते, पण मराठीत अशी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. स्वतःचे यूट्यूब चॅनेल काढणाऱ्यांना लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा मिळतो हे खरे, पण जिल्ह्यातल्या चॅनेलचे पोट त्यावर भरत नाही. ते पुन्हा वाढदिवसाच्या शुभेच्छांकडेच वळतात, म्हणजे तालुक्याच्या वार्ताहराच्याच खिशाकडे.

एका खुर्चीवरून दुसरीवर जाणे मात्र तितकेसे अवघड नाही, फक्त दिशा नीट हवी. डेस्कवरचा माणूस डिजिटलमध्ये चटकन रुळतो, कारण कॉपी साफ करणे आणि मथळा देणे त्याच्या हाताला असते. बातमीदारही रुळतो. पण तीन वर्षे फक्त दुसऱ्यांच्या बातम्या फिरवून लिहिलेल्याला बीटवर जाणे जड जाते, कारण त्याच्याकडे फोन करायला कोणी नसते. मला विचाराल तर पहिली दोन वर्षे, परवडत असतील तर, फिरतीवर काढावीत.

आणि नेमणूकपत्र हाती येईल तेव्हा पगाराच्या आकड्याआधी हुद्दा वाचावा. ‘उपसंपादक’ की ‘कंटेंट एक्झिक्युटिव्ह’, प्रशिक्षणार्थी असाल तर किती महिने, कंत्राट असेल तर किती वर्षांचे, भविष्य निर्वाह निधी कापला जाणार का, फिरतीचा खर्च कोण देणार. जाहिरातीचे टार्गेट पत्रात लिहिलेले नसते. ते मुलाखतीतच विचारावे, आणि शक्य झाल्यास त्या कार्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्यालाही.

(पुढील भागात : फोटो जर्नालिस्ट आणि कॅमेऱ्याचा हप्ता)