तीस ओळींतून उरलेल्या दोन

पॅरिसच्या मेट्रो स्थानकात दिसलेल्या चेहऱ्यांवर एझरा पाउंडने आधी ३० ओळींची कविता लिहिली आणि नष्ट केली. सहा महिन्यांनी ती निम्म्यावर आली, वर्षभराने दोनच ओळी उरल्या. १९१३ मध्ये त्या छापताना शब्दगटांमध्ये मोकळ्या जागा सोडल्या होत्या. म्हणजे शब्द गेले तरी थांबे राहिले.

समजा, कच्चा खर्डा असा आहे: ‘त्या रिकाम्या, ओसाड घरात / खुंटीवर अजूनही एकटाच लटकतो आहे / बाबांचा जुना सदरा’.

‘रिकाम्या’नंतर ‘ओसाड’ कशाला? ‘एकटाच’ तर वाचकाला वाटायचं तेच आधी सांगून टाकतो. खुंटी असल्यावर ‘लटकतो आहे’ही नको.

‘रिकाम्या घरात / खुंटीवर / अजून / बाबांचा सदरा’.

‘अजून’ला स्वतंत्र ओळ मिळाली, कारण क्रियापदाने घेतलेला वेळ आता त्या थांब्याला पेलायचा आहे. खुंटी मात्र काढू नये. सदरा दिसतो तो तिच्यामुळेच.