सिग्नल कधी पोहोचणार, हे शेजारची तार ठरवते

तुमच्या फोनच्या प्रोसेसरमध्ये एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात एक बिट पाठवायचा आहे. तार तीच, लांबी तीच, पाठवणारा ट्रान्झिस्टरही तोच. मग दर वेळी लागणारा वेळही तोच असायला हवा, बरोबर? पण तसं होत नाही. कधी तो बिट ३५ पिकोसेकंदात पोहोचतो, तर कधी त्याच तारेवर त्याला १७३ पिकोसेकंद लागतात. म्हणजे जवळपास पाचपट फरक! आणि हा फरक त्या तारेत काय चाललंय यावर ठरत नाही, तर तिच्या डाव्या-उजव्या बाजूच्या तारांमध्ये त्याच क्षणी काय चाललंय यावर ठरतो.

याला क्रॉसटॉक म्हणतात. जुन्या लँडलाइनवर बोलताना मध्येच दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं ऐकू यायचं, तोही क्रॉसटॉकच. चिपमध्ये मात्र त्याचं एक वेगळं रूप दिसतं. इथे सिग्नल बिघडण्याऐवजी त्याची वेळ बदलते.

दोन तारा म्हणजे एक कपॅसिटर

बारावीच्या फिजिक्समध्ये कपॅसिटर शिकलो होतो: दोन धातूच्या प्लेट्स आणि मध्ये वीज न वाहू देणारा पदार्थ. चिपमधल्या दोन शेजारी तारा बघितल्या, तर हुबेहूब तेच चित्र दिसतं. दोन्ही तांब्याच्या, एकमेकींना समांतर, आणि मध्ये इन्सुलेटर. म्हणजे कुणी मुद्दाम कपॅसिटर बसवलेला नसतानाही तिथे एक कपॅसिटर तयार झालेला असतो.

चिप लहान होत गेल्या तशा तारा अरुंद झाल्या आणि जवळ आल्या. पण अरुंद तारेचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून तो आटोक्यात ठेवायला तारांची उंची त्या प्रमाणात कमी केली नाही. त्यामुळे आजची तार रुंदीपेक्षा उंच असते, एखाद्या भिंतीसारखी. अशा दोन भिंती समोरासमोर उभ्या राहिल्या की कपॅसिटरच्या प्लेट्स मोठ्या होतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी होतं. म्हणूनच आता तारेचं खालच्या थराशी जेवढं नातं असतं, तेवढंच किंवा त्याहून जास्त शेजारणींशी असतं.

तीन शक्यता

आता आपली तार ० वरून १ वर जायची आहे. म्हणजे तिचं व्होल्टेज शून्यापासून V पर्यंत चढवायचं आहे. शेजारची तार तेव्हा तीनपैकी एक गोष्ट करू शकते.

पहिली शक्यता, शेजारीण शांत आहे. मग दोघींमधल्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज V ने बदलतं आणि आपल्या ट्रान्झिस्टरला तेवढा चार्ज पुरवावा लागतो. हा नेहमीचा हिशोब.

दुसरी शक्यता, शेजारीणसुद्धा त्याच वेळी ० वरून १ वर चालली आहे. दोन्ही प्लेट्स सोबतच वर चढतात. दोघींमधला फरक आधीही शून्य होता, नंतरही शून्यच. त्या कपॅसिटरमध्ये काही भरावंच लागत नाही. जणू तो तिथे नाहीच. सिग्नल लवकर पोहोचतो.

तिसरी शक्यता, शेजारीण नेमकी उलट चालली आहे, १ वरून ० वर. सुरुवातीला ती आपल्यापेक्षा V ने वर होती, शेवटी V ने खाली. म्हणजे कपॅसिटरवरचं व्होल्टेज एकूण 2V ने बदललं. चार्ज दुप्पट लागला, म्हणजे तो कपॅसिटर दुप्पट मोठा असल्यासारखा वागला. सिग्नल उशिरा पोहोचतो.

थोडक्यात, मधल्या कपॅसिटरला ०, १ किंवा २ ने गुणायचं. या आकड्याला मिलर फॅक्टर म्हणतात. जॉन मिलर यांनी १९२० मध्ये व्हॅक्यूम ट्यूबबद्दल हा परिणाम मांडला होता. ट्यूब गेल्या, पण गणित टिकून आहे.

आकडे टाकून बघू

समजा साधारण पाऊण मिलिमीटर लांबीची तार आहे. चिपच्या मानाने ही बरीच लांब झाली. तिचं जमिनीशी (म्हणजे ग्राउंडशी) कपॅसिटन्स ५० फेम्टोफॅरड, आणि डाव्या-उजव्या शेजारणींशी प्रत्येकी ५० फेम्टोफॅरड. पाठवणाऱ्या ट्रान्झिस्टरचा रेझिस्टन्स १००० ओहम. तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स सोपेपणासाठी सोडून देऊ. सिग्नल अर्ध्या व्होल्टेजपर्यंत चढायला लागणारा वेळ असा निघतो:

```
C = Cg + k1·Cc + k2·Cc
t = 0.69 × R × C
```

इथे `Cg` म्हणजे ग्राउंडशी असलेलं कपॅसिटन्स, `Cc` म्हणजे एका शेजारणीशी असलेलं, आणि `k1`, `k2` म्हणजे दोन शेजारणींचे मिलर फॅक्टर.

दोघी शांत असतील तर एकूण १५० फेम्टोफॅरड, म्हणजे सुमारे १०४ पिकोसेकंद. दोघी आपल्यासोबत चढत असतील तर फक्त ५० उरतात, म्हणजे सुमारे ३५ पिकोसेकंद. दोघी उलट चालल्या असतील तर ५० + १०० + १०० = २५०, म्हणजे सुमारे १७३ पिकोसेकंद. एकच उलट आणि दुसरी शांत असेल तर २००, म्हणजे १३८. आणि एक सोबत, एक उलट असेल तर पुन्हा १५०, म्हणजे १०४. दोघींनी एकमेकींचा हिशोब मिटवला.

हे तुमच्या फोनपर्यंत कसं येतं

प्रोसेसरमध्ये क्लॉकच्या प्रत्येक टिकला एक फ्लिप-फ्लॉप डेटा पाठवतो आणि पुढच्या टिकला दुसरा फ्लिप-फ्लॉप तो पकडतो. समजा आपल्या रस्त्यावर तार सोडून बाकी सगळ्याला मिळून २०० पिकोसेकंद लागतात. तारेचे १०४ धरले तर एकूण ३०४. मग ३ गिगाहर्ट्झ आरामात चालायला हवं, कारण तिथे एक टिक ३३३ पिकोसेकंदांची असते.

पण दोन्ही शेजारणी उलट गेल्या की एकूण ३७३ होतात. टिक येऊन गेलेली असते आणि डेटा अजून वाटेत असतो. पकडणारा फ्लिप-फ्लॉप जुनाच बिट घेऊन बसतो. म्हणून डिझाइनर ३७३ हाच आकडा खरा मानतात आणि चिप समजा २.५ गिगाहर्ट्झला चालवतात. तिथे टिक ४०० पिकोसेकंदांची असते, म्हणजे २७ पिकोसेकंद हाताशी राहतात.

आता कुणीतरी फोन रूट करून कस्टम कर्नल टाकला आणि क्लॉक २.८ गिगाहर्ट्झवर नेला. टिक झाली ३५७ पिकोसेकंदांची. शेजारणी शांत असतील तर ३०४, चालतं. एक उलट असेल तर ३३८, तरीही चालतं. फक्त दोघी उलट असतील तेव्हाच ३७३ होतात आणि चुकतं. डेटा अगदी कसाही, यादृच्छिक असेल, तर एक शेजारीण नेमकी उलट जाण्याची शक्यता चारात एक, दोघी उलट जाण्याची सोळात एक. शिवाय तो २०० पिकोसेकंदांचा लांब रस्ता तेव्हा वापरात असायला हवा. म्हणून बेंचमार्क पास होतो, गेम तासभर चालतो, आणि मग एखादं विशिष्ट काम करताना फोन अचानक रीस्टार्ट होतो. व्होल्टेज कमी करून बॅटरी वाचवायला गेलात तरी गोष्ट तीच. ट्रान्झिस्टरचा रेझिस्टन्स वाढतो आणि सगळेच आकडे वर सरकतात.

ही चूक डेटावर अवलंबून असते, हेच तिचं लक्षण. शेजारच्या तारांवर `0x55` नंतर `0xAA` पाठवला, म्हणजे ०१०१०१०१ नंतर १०१०१०१०, की प्रत्येक तार तिच्या शेजारणींच्या उलट जाते. सगळ्यात वाईट वेळ. `0x00` नंतर `0xFF` पाठवला की सगळ्या सोबत चढतात. सगळ्यात चांगली वेळ. तपासणी करताना पहिली जोडी चुकते आणि दुसरी चालते, पण क्लॉक हळू केल्यावर दोन्ही चालतात, असं दिसलं की संशय क्रॉसटॉकवर जातो.

लवकर पोहोचणंही धोक्याचं

३५ पिकोसेकंद ऐकून वाटेल, हे तर छानच. पण नाही. क्लॉकची टिक चिपवर सगळीकडे एकाच क्षणी पोहोचत नाही. समजा पकडणाऱ्या फ्लिप-फ्लॉपला ती थोडी उशिरा मिळते, म्हणून नवीन डेटा ३० पिकोसेकंदांच्या आत येता कामा नये. मध्ये फारसं काही नसलेल्या एका छोट्या रस्त्याला एरवी ६० पिकोसेकंद लागतात. शेजारणी सोबत चढल्या आणि वेळ २० वर आली, तर नवीन बिट जुना पकडला जायच्या आतच येऊन त्याच्यावर बसतो.

उशिराची चूक क्लॉक हळू करून झाकता येते. ही नाही झाकता येत, कारण दोन्ही फ्लिप-फ्लॉप एकाच टिकबद्दल बोलत असतात आणि पुढची टिक कधी येणार याच्याशी त्यांचं देणंघेणं नसतं. अशी चूक घेऊन बनलेली चिप कुठल्याही वेगाला चुकू शकते. म्हणून डिझाइनर प्रत्येक रस्ता दोनदा तपासतात: उशिरासाठी उलट जाणाऱ्या शेजारणी धरून, आणि घाईसाठी सोबत जाणाऱ्या धरून.

मग करतात काय?

शेजारीण कुठल्याही क्षणी बदलू शकते असं धरलं तर चिप फारच मंद होईल. म्हणून टायमिंग तपासणारं सॉफ्टवेअर प्रत्येक तार टिकनंतर किती ते किती पिकोसेकंदांच्या दरम्यान बदलू शकते, ते काढतं. दोन तारांच्या या वेळा एकमेकींवर येतच नसतील, तर ती शेजारीण शांत धरतात.

तरीही अडचण राहिली, तर तारा लांब सरकवतात, किंवा दोघींमध्ये ग्राउंडला जोडलेली एक तार टाकतात. तिला शील्ड म्हणतात. गंमत म्हणजे शील्डमुळे कपॅसिटन्स कमी होत नाही, कारण आता शील्डच शेजारी येऊन बसलेली असते. पण ती कधीच हलत नाही. मिलर फॅक्टर कायम १, आणि वेळ कायम १०४. जागा जास्त जाते, म्हणून हे क्लॉकसारख्या मोजक्याच तारांना परवडतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ०, १, २ हे आकडे दोन्ही तारा सारख्याच वेगाने आणि एकाच वेळी बदलतात असं धरून आलेत. शेजारणीचा ट्रान्झिस्टर जास्त ताकदवान असेल आणि ती झटकन बदलली, तर परिणाम शून्याच्या खाली किंवा दोनच्या वरही जाऊ शकतो. म्हणून शेवटच्या तपासणीत तयार आकड्यावर न थांबता दोन्ही तारांचे सिग्नल वेळेनुसार काढून बघतात.

तर पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘माझा फोन जास्त क्लॉकवर मस्त चालतो, कंपनीने उगाच कमी ठेवलाय,’ तर त्याला विचारा: शेजारच्या दोन्ही तारा उलट गेल्या तेव्हाही?