उकळत्या द्रवांचा भागाकार

एक ग्रॅम द्रवाची वाफ करायला किती उष्णता लागते, हे रसायनशास्त्राच्या कुठल्याही तक्त्यात सापडतं. पाण्याला सुमारे २२५७ जूल लागतात. बेंझीनला ३९३, ईथरला ३६० च्या आसपास, कार्बन टेट्राक्लोराइडला अवघे १९४. या आकड्यांकडे कितीही वेळ बघत बसलं तरी त्यांच्यात काही सूत्र दिसत नाही. ते दिसत नाही याचं कारण आपण द्रव तराजूत तोलतोय. वाफ होताना सुटतात ते रेणू, आणि काही रेणू मुळातच जड असतात. तेव्हा ग्रॅम सोडून रेणू मोजायला हवेत.

रेणू मोजायचं माप म्हणजे मोल. ६०२ वर एकवीस शून्यं, एवढे रेणू म्हणजे एक मोल. ईथरच्या एका मोलची वाफ करायला २६.५ किलोजूल लागतात, बेंझीनला ३०.७, आणि थिनरच्या वासातून ओळखीच्या टोल्युइनला ३३.२. आता आकडे जवळ आले, पण एक झाले नाहीत. आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते : ज्याचा उत्कलनांक जास्त, त्याची उष्णताही जास्त. ईथर ३४.६ अंशांना उकळतं, बेंझीन ८०.१ ला, टोल्युइन ११०.६ ला. मग उष्णतेला उत्कलनांकानेच भागून पाहू. अट एकच, तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे. ईथरचा भागाकार येतो ८६, बेंझीनचा ८७, टोल्युइनचा साडेशहाऐंशी, कार्बन टेट्राक्लोराइडचा ८५.

हा भागाकार १८८४ साली प्रसिद्ध केला तो फ्रेडरिक ट्राउटन या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या विशीतल्या विद्यार्थ्याने. त्याच्या आधी आठ वर्षं स्विस शास्त्रज्ञ राउल पिक्ते यालाही हे जाणवलं होतं, पण नियमाला नाव लागलं ते ट्राउटनचं. उष्णता भागिले तापमान या राशीला एन्ट्रॉपीतली वाढ म्हणतात, म्हणून पुस्तकी भाषेत हा नियम असा : बाष्पीभवनाची एन्ट्रॉपी बहुतेक साध्या द्रवांसाठी जवळपास सारखीच असते.

एन्ट्रॉपी म्हणजे ‘गोंधळ’ असं सांगून वर्गात वेळ मारून नेली जाते. त्या शब्दाने नुकसानच जास्त होतं, कारण गोंधळ मोजता येत नाही आणि एन्ट्रॉपी येते. ती मोजदाद आहे पर्यायांची : रेणूला कुठे असता येईल, कुणीकडे तोंड करून असता येईल, किती वेगवेगळ्या तऱ्हांनी असता येईल, याची. प्रत्येक रेणूचे पर्याय दुप्पट झाले की मोलमागे एन्ट्रॉपी ५.७६ ने वाढते. बेंझीनच्या ८७ ला ५.७६ ने भागा, उत्तर पंधरा. म्हणजे द्रवातून वाफेत जाताना बेंझीनच्या एकेका रेणूचे पर्याय पंधरा वेळा दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार करत पंधराव्या दुपटीला आपण तेहतीस हजारांच्या जवळ पोचतो.

या पंधरा दुपटी येतात कुठून? ८० अंशांना एक मोल द्रव बेंझीन साधारण ९६ मिलीलीटर जागा व्यापतं, म्हणजे चहाचा एक कप. त्याचीच वाफ २९ लिटर होते. जागा तीनशेपट वाढली, म्हणजे आठ दुपटी झाल्या. उरलेल्या सात कुठल्या? त्या कपातच लपलेल्या आहेत. ९६ मिलीलीटर ही काही रेणूंना फिरायला मिळालेली जागा नव्हे. तिचा बहुतेक भाग रेणूंच्या अंगानेच भरलेला आहे. संध्याकाळच्या लोकलच्या डब्यात प्रत्येकाच्या वाट्याला चौरस फुटात जागा काढता येईल, पण हलायला मिळते ती बोटभर. सगळा हिशेब जागेच्याच खात्यावर टाकला, तर कपभर बेंझीनमध्ये खरी मोकळी जागा जेमतेम एक मिलीलीटर निघते. हा अंदाज ढोबळ आहे, कारण रेणूंना वाफेत गिरक्या घ्यायलाही जरा जास्त मोकळीक मिळते आणि तिचा वाटाही त्यात आहे. पण चित्र बरोबर आहे.

आता नियमाचं कोडं सुटतं. वायूची जागा तो कोणत्या पदार्थाचा आहे यावर अवलंबून नसते, फक्त तापमान आणि दाब यांवर असते. नेहमीच्या द्रवांच्या उत्कलनांकांना ती मोलमागे २५ ते ३२ लिटरच्या आसपास राहते. इकडे द्रवांची दाटीही उकळण्याच्या क्षणी साधारण सारखीच असते. डबा तसाच, मैदानही तसंच. मग सुटका झाल्यावर मिळणारी मोकळीकही तेवढीच.

आणि रेणू एकमेकांना किती घट्ट ओढून धरतात, त्याचं काय? ते कुठे जातं हे समजलं की अर्ध्याहून अधिक काम झालं. ओढ तोडायला उष्णता लागते, हा खर्च. मोकळीक मिळते, ही कमाई. पण या कमाईची किंमत तापमानाने ठरते. खर्च आणि कमाई ज्या तापमानाला बरोबरीत येतात, तिथे द्रव उकळतो. कमाई सगळ्यांची सारखीच असल्यामुळे ज्याची ओढ मोठी, त्याला ती भरून काढायला तेवढंच जास्त तापमान गाठावं लागतं. ओढ दीडपट झाली की उत्कलनांकही दीडपट होतो आणि भागाकार जागच्या जागी राहतो.

म्हणूनच ‘पाण्याचे बंध मजबूत, म्हणून पाणी हा नियम मोडतं’ हे नेहमीचं उत्तर अपुरं आहे. नुसती मजबुती उत्कलनांकात वसूल होऊन जाते. नियम मोडायला दुसरं काहीतरी लागतं.

ते काय, हे पाहायला माझ्या मते पाण्यापेक्षा ईथर आणि ब्यूटानॉल ही जोडी बरी. दोन्हींच्या रेणूत चार कार्बन, दहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. वजन तेच, अणू तेच, फक्त जोडणी वेगळी. ईथरमध्ये ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधोमध अडकलेला असतो. ब्यूटानॉल हे अल्कोहोल. त्यात ऑक्सिजन टोकाला असतो आणि त्याला एक हायड्रोजन चिकटलेला असतो. ईथरचा भागाकार ८६ आला होता. ब्यूटानॉल ११७.७ अंशांना उकळतं आणि मोलमागे ४३.३ किलोजूल घेतं. ४३,३०० भागिले ३९०.९ म्हणजे जवळपास १११. ओढ वाढली म्हणून उत्कलनांक ८३ अंशांनी वर गेला, ते ठीकच. पण त्या तापमानाला नियमाप्रमाणे ३४ किलोजूल पुरायला हवे होते. लागले सव्वानऊ जास्त.

फरक त्या टोकाच्या हायड्रोजनचा. तो शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जुळवतो, आणि या बंधाला दिशा असते. बेंझीनचे रेणू एकमेकांना ओढतात, पण तोंड कुणीकडे असावं याचा फारसा आग्रह धरत नाहीत. हायड्रोजन बंध फुगडीसारखा आहे. गर्दीत नुसतं खेटून उभं राहायला कसंही राहता येतं, पण फुगडीला समोरासमोर यावं लागतं आणि हात हातात द्यावे लागतात. असं अडकलेल्या रेणूला द्रवात एरवी मिळाले असते तेवढेही पर्याय मिळत नाहीत. वाफेत गेल्यावर हात सुटतात आणि तो इतरांसारखाच मोकळा होतो. म्हणजे वाफ जास्त मोकळी झालेली नाही. द्रवच जास्त जखडलेला होता. ईथर आणि ब्यूटानॉल यांच्यातला २५ चा फरक चार दुपटींहून थोडा जास्त आहे, म्हणजे हातात हात दिल्यामुळे द्रवातले पर्याय सोळा ते वीसपटींनी आटलेले असतात.

इथेनॉलचा भागाकार ११०, मिथेनॉलचा १०४, पाण्याचा १०९. पाण्याचा रेणू चार शेजाऱ्यांशी असे बंध जुळवू शकतो, आणि शंभर अंशांना उकळत असतानाही त्यांतले बहुतेक शाबूत असतात. मग पाण्याचा आकडा इथेनॉलच्या वर का नाही? कारण रेणू इवलासा आहे. वाफेत गिरक्या घेऊन त्याला मिळणारे पर्यायही थोडेच. हायड्रोजन सल्फाइड हे पाण्याचं सख्खं भावंड, ऑक्सिजनच्या जागी गंधक इतकाच बदल. गंधकाला हायड्रोजन बंध नीट जमत नाही, आणि त्याचा भागाकार निमूटपणे ८८ येतो.

व्यवहारात ही चूक महागात पडते. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत इथेनॉलच्या वाफेचा हिशेब कुणी आंधळेपणाने ८७ धरून केला, तर मोलमागे ३०.६ किलोजूल निघतील. प्रत्यक्षात ३८.६ लागतात. बॉयलरची वाफ पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी पडेल.

नियमाची दुसरी मर्यादा फार थंड द्रवांची. नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, आणि एवढ्या थंडीत त्याची वाफ मोलमागे जेमतेम सहा लिटर होते. मैदानच लहान, म्हणून भागाकार ७२. सगळ्या द्रवांची तुलना वाफेची दाटी सारखी असेल अशा तापमानाला करावी, ही दुरुस्ती जोएल हिल्डब्रँड यांनी १९१५ साली सुचवली, आणि तिने साध्या द्रवांचे आकडे आणखी जवळ आले.

राहिलं व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड. त्यालाही हायड्रोजन बंध जमतात, आणि चांगले जमतात. तेव्हा भागाकार शंभराच्या वर जाईल असं वाटतं. येतो ६१. पहिल्यांदा हा आकडा काढणारा विद्यार्थी हमखास गणित तपासायला बसतो. गणित बरोबर असतं. ॲसेटिक ॲसिडचे दोन रेणू दोन्ही हातांनी एकमेकांना धरतात, अगदी फुगडीच, आणि ती जोडी वाफेतही बरीचशी तशीच राहते. हात सुटतच नाहीत, त्यामुळे खर्चही कमी आणि मोकळीकही कमी. हे वाफ तोलून कळतं. सुट्या रेणूचं वजन ६० आणि जोडीचं १२०. उत्कलनांकाजवळची वाफ तोलली तर सरासरी या दोन्हींच्या मधे कुठेतरी येते. फॉर्मिक ॲसिडचंही तेच, त्याचाही भागाकार ६१. तेव्हा तक्त्यात हे दोन आकडे दिसले तर छपाईची चूक समजून ते खोडू नका.