वर्गाच्या फोटोत वाढलेला चेहरा

वडिलांच्या बदलीमुळे गाव सोडून गेलेला मित्र वर्गाच्या नव्या फोटोत उभा दिसतो, अशा कथेचा सगळा भार एका प्रश्नावर असतो: तो तिथे आला कसा? समीक्षक त्झ्वेतान तोदोरोव यांनी 1970 साली फ्रेंचमध्ये लिहिलेल्या ग्रंथात अद्भुत कथेचे मर्म याच संभ्रमात शोधले. घटनेला साधा खुलासा आहे की नाही, हे ठरत नाही तोवरच अद्भुत टिकते.

म्हणून फोटोचा तपशील नेमका हवा. मित्राचा जुना फोटो कापून जोडला असेल, तर खुणा राहतात. समजा, सकाळच्या उन्हात सगळ्यांच्या नाकाची सावली उजव्या गालावर पडली आहे आणि मित्राची तेवढी डाव्या. त्याच्या भुरभुरत्या केसांची कडही सरळ कापल्यासारखी दिसते. मुलगा भिंग लावून हे पाहतो आणि कथा शोधाच्या वाटेला लागते.

पण सावली जुळली, शेजाऱ्याचा हात मित्राच्या खांद्यावर टेकलेला दिसला आणि बोटांखाली सदऱ्याला चुण्याही पडल्या असतील, तर जोडकामाचा संशय लटका पडतो. भीतीच्या पानभर वर्णनापेक्षा ती चुणी जास्त काम करते.

पुढे छायाचित्रकाराने जोडकाम कबूल केले, तर तोदोरोव यांच्या वर्गवारीत कथा ‘विलक्षण’ ठरते. मित्र खरोखरच तिथे होता असे मानावे लागले, तर ती चमत्काराच्या प्रांतात जाते.