आजी गरीब होती का?

अपठित उताऱ्यातल्या या तीन ओळी पाहा: ‘कंडक्टरने पाचशेची नोट परत केली. “मोड द्या,” तो म्हणाला. आजीने नाणी दोनदा मोजली आणि गावाआधीच्या थांब्यावर उतरली.’

‘मोड’ म्हणजे काय? मटकीला येतात ते मोड इथे चालणार नाहीत. ‘पाचशेची नोट परत केली’ हा पुरावा ‘सुटे पैसे’ हा अर्थ पक्का करतो. तपासायचे तर तोच अर्थ वाक्यात घालून वाचावे.

आजी आधी का उतरली? अनेकजण लिहितात, ‘ती गरीब होती.’ पण हातातली नोटच ते खोडते! सुटे पुरेसे नव्हते, हे उत्तर ‘नाणी दोनदा मोजली’ या शब्दांवर उभे राहते. कंडक्टर उद्धट होता, याला मात्र उताऱ्यात एकही शब्द सापडत नाही.