फुटेज, मास्टर आणि पार्टीची प्रत

लग्नसमारंभ, माहितीपट किंवा छोट्या जाहिराती करणाऱ्या स्टुडिओत तीन प्रकारच्या फाइली साठत जातात. पहिले कॅमेऱ्यातून आलेले कच्चे फुटेज, दुसरा एडिटिंग संपल्यावर काढलेला मास्टर आणि तिसऱ्या त्या मास्टरवरून पार्टीला दिलेल्या प्रती. तिन्ही व्हिडिओ फाइलीच असल्याने बहुतेक ठिकाणी त्या एकाच डिस्कवर आणि एकाच पद्धतीने ठेवल्या जातात. घोळ सुरू होतो तो इथेच. हरवलेले फुटेज पुन्हा मिळत नाही, कारण हळद परत लावता येत नाही. मास्टर गेला तर फुटेज आणि प्रोजेक्ट शाबूत असल्यास तो पुन्हा काढता येतो, मात्र त्यात दिवस जातात. पार्टीची प्रत तर मास्टरवरून तासाभरात तयार होते. कोणत्या फाइलीच्या किती प्रती ठेवायच्या, तिला नाव कसे द्यायचे आणि ती कधी पुसायची, हे सगळे या फरकावरून ठरवावे लागते.

उदाहरणासाठी तीन माणसांच्या एका स्टुडिओने सांगलीत केलेले लग्न घेऊ. १३ डिसेंबरला हळद, १४ ला लग्न आणि रिसेप्शन. दोन कॅमेरे, एक ड्रोन आणि आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर. १०० मेगाबिट प्रति सेकंद वेगाने ४के रेकॉर्डिंग केले तर तासाला ४५ जीबी जागा लागते. दोन्ही कॅमेऱ्यांचे मिळून साडेपाच तासांचे रेकॉर्डिंग धरले तर सुमारे २५० जीबी होतात, आणि ड्रोन व आवाज मिळवला की २७० च्या आसपास. दोन तासांच्या फिल्मचा एचडी मास्टर प्रोरेस ४२२ मध्ये काढला तर आणखी ११० जीबी. पार्टीची दोन तासांची एच.२६४ प्रत १८ जीबीची. म्हणजे एका लग्नाला ढोबळमानाने ४०० जीबी लागतात, आणि तीन प्रती ठेवायच्या तर सव्वा टीबीच्या जवळपास.

प्रत्येक कामाला एक धावता क्रमांक द्यावा आणि त्या कामाचे सगळे काही एकाच फोल्डरखाली ठेवावे. समारंभ दोन-तीन दिवस चालला तरी क्रमांक एकच राहतो. या लग्नाचे फोल्डर असे दिसेल:

```
2025-12-14_L037_Sangli
├── 01_RAW
│   ├── 20251213_A01
│   ├── 20251214_A02
│   ├── 20251214_B01
│   ├── 20251214_DRONE01
│   └── 20251214_SOUND01
├── 02_PROJECT
├── 03_ASSETS
├── 04_MASTER
├── 05_DELIVERY
└── 06_TEMP
```

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली की फोल्डर आपोआप काळानुसार लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांतल्या चौदा तारखा एका खाली एक येतात. फाइल आणि फोल्डरची नावे रोमन लिपीत, मधे जागा न सोडता द्यावीत. देवनागरी नावे आजच्या संगणकांवर चालतात, पण काम पुढे दुसऱ्याच्या यंत्रावर किंवा एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गेले की त्यांचे चौकोन होण्याची शक्यता असते. `:`, `?`, `*`, `/` ही चिन्हे विंडोजला नावात चालत नाहीत, म्हणून मॅकवरही ती टाळलेली बरी.

फुटेजच्या फोल्डरचे नाव कार्डावरून पडते. `A01` म्हणजे पहिल्या कॅमेऱ्याचे पहिले कार्ड. आतल्या फाइलींची नावे मात्र बदलू नयेत. कार्ड फॉरमॅट केल्यावर अनेक कॅमेरे पुन्हा `C0001.MP4` पासून मोजू लागतात, त्यामुळे एकाच लग्नात तीन वेगवेगळ्या `C0001` फाइली असू शकतात. त्या सगळ्या एका फोल्डरात ओतल्या तर एक दुसरीवर चढते, किंवा संगणक त्यांच्यापुढे (1), (2) लावतो. कार्डागणिक फोल्डर ठेवले की हा प्रश्न उरत नाही. एडिटिंग सुरू झाल्यावर नाव बदलले तर मूळ दुवा तुटतो आणि टाइमलाइनवर क्लिपच्या जागी ‘मीडिया ऑफलाइन’ची पाटी येते.

कार्डातले सगळे जसेच्या तसे उचलावे, नुसत्या व्हिडिओ फाइली निवडून घेऊ नयेत. सोबतच्या छोट्या फाइलींत क्लिपविषयीची माहिती असते. जुन्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यात लांब रेकॉर्डिंगचे आपोआप तुकडे पडतात आणि ते जोडण्याची माहिती शेजारच्या फोल्डरांत असते. नुसत्या `.MTS` फाइली उचलल्या तर सांध्यावर काही फ्रेम गळतात किंवा आवाज तुटतो. मंगलाष्टके सलग रेकॉर्ड केलेली असताना मध्येच आवाज अडखळला, तर आधी हाच संशय घ्यावा.

कॉपी पूर्ण झाली म्हणजे ती बरोबर झाली असे नाही. सैल केबल किंवा बिघडलेला कार्ड-रीडर फाइलीचा आकार तोच ठेवून आतला मजकूर बिघडवू शकतो, आणि ते कळते थेट एडिटिंगच्या वेळी, जेव्हा चित्रात अचानक हिरवे-गुलाबी ठोकळे दिसतात. तोवर कार्ड पुसलेले असते. यासाठी चेकसम तपासतात. फाइलीतल्या प्रत्येक बिटवरून गणिताने एक छोटा आकडा काढला जातो, तो मूळ फाइलीशी आणि प्रतीशी जुळला तरच प्रत खरी. दाविंची रिझॉल्व्हमधील क्लोन टूल हे काम कॉपी करतानाच करते, आणि तेही एका वेळी दोन डिस्कवर. दोन वेगळ्या डिस्कवर तपासलेल्या प्रती होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचे नाही, हा नियम कितीही घाई असली तरी मोडू नये. भरलेल्या कार्डावर लाल चिकटपट्टी लावायची आणि ती काढायचा अधिकार एकाच माणसाला द्यायचा, एवढ्यानेही निम्मे अपघात टळतात.

प्रोजेक्ट फाइल आकाराने लहान असते, पण ती रोज बदलते आणि एडिटरची सगळी मेहनत तिच्यात असते. प्रीमिअरची प्रोजेक्ट फाइल फोल्डरातच दिसते. रिझॉल्व्ह मात्र प्रोजेक्ट आपल्या स्वतंत्र डेटाबेसमध्ये ठेवते. `L037` चे पूर्ण फोल्डर जपून ठेवले आणि संगणकच बसला, तर फुटेज राहील, पण कट जातील. म्हणून दिवसअखेर प्रोजेक्ट `.drp` फाइल म्हणून एक्स्पोर्ट करून `02_PROJECT` मध्ये तारखेसह ठेवावा. `03_ASSETS` मध्ये संगीत, पत्रिकेचे फोटो आणि वापरलेले फॉन्ट येतात. फॉन्ट हमखास विसरले जातात. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली नावे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर वधूवरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. `06_TEMP` मध्ये प्रॉक्सी आणि रेंडरचे तुकडे ठेवावेत. ते पुन्हा तयार होतात, त्यामुळे त्यांचा बॅकअप घेण्यात जागा घालवू नये.

मास्टरच्या नावात ‘फायनल’ हा शब्द कधीच नसावा. कोणती फाइल फायनल आहे हे पार्टी ठरवते आणि बदलते, मग `final2`, `final_new` अशी रांग लागते. त्याऐवजी प्रत्येक एक्स्पोर्टला नवा क्रमांक द्यावा आणि जुन्या फाइलीवर नवी कधीच चढवू नये. पसंतीची नोंद वहीत किंवा एक्सेलमध्ये करावी, नावात नाही.

```
L037_FILM_v03_MASTER_1080p25.mov
L037_FILM_v03_PENDRIVE.mp4
L037_FILM_v03_WHATSAPP.mp4
```

पार्टीच्या प्रतीत मास्टरचाच आवृत्ती क्रमांक येतो, याचा फायदा नंतर कळतो. समजा, `v03` पसंत पडला, पेन ड्राइव्ह दिला, आणि महिन्याभराने फोन आला की मामांचे नाव चुकले आहे. दुरुस्त मास्टर `v04` होतो. आता नोंद पाहिली की `v03` च्या कोणत्या प्रती कोणाकडे गेल्या आणि कोणत्या बदलून द्यायच्या, हे लगेच समजते. नावाच्या पाट्या नसलेला एक मास्टरही त्याच वेळी काढून ठेवला, तर अशी दुरुस्ती जुने प्रोजेक्ट न उघडता करता येते. पेन ड्राइव्ह मात्र एफएटी३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा आणि पार्टीचा टीव्ही तो वाचतो का, हे आधी विचारावे.

बॅकअपचा प्रचलित नियम ३-२-१ असा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या डिजिटल छायाचित्रांच्या साठवणीवरील पुस्तकामुळे तो रूढ झाला. लहान स्टुडिओत पहिली प्रत कामाच्या डिस्कवर, दुसरी नॅसवर आणि तिसरी बाहेर ठेवलेल्या डिस्कवर असते. नॅसमधील रेड ही व्यवस्था एक डिस्क बंद पडली तरी काम चालू ठेवते, पण चुकून पुसलेली फाइल ती परत देत नाही. फोल्डर सिंक करणाऱ्या सोयीचेही तेच: इथे पुसले की तिथेही पुसले जाते. दुसरी आणि तिसरी प्रत घेताना म्हणूनच फक्त नव्या फाइलींची भर घालावी, पुसण्याची परवानगी सॉफ्टवेअरला देऊ नये.

दुसरी जागा म्हणजे वरचा मजला नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणमध्ये पाणी शिरले, तेव्हा एकाच पेठेतील दुकान आणि घर दोन्ही बुडाली. सांगलीच्या या स्टुडिओची तिसरी डिस्क मिरजेच्या उंच भागात किंवा पुण्याच्या नातेवाइकांकडे असावी. क्लाउडचा पर्याय मोहक वाटतो, पण २० मेगाबिटच्या अपलोडने ४०० जीबी चढवायला सुमारे ४४ तास लागतात. मास्टर आणि प्रोजेक्ट क्लाउडवर आणि फुटेज डिस्कवर, अशी वाटणी जमते, कारण ११० जीबीचा मास्टर एका रात्रीत, साधारण १२ तासांत, चढतो.

कपाटातली डिस्क वर्षानुवर्षे तशीच पडून राहू नये. सहा महिन्यांनी ती लावून चेकसम पुन्हा जुळवावेत आणि चार-पाच वर्षांनी तिच्यातले सगळे नव्या डिस्कवर हलवावे. एसएसडी साठवणीसाठी वापरू नये, कारण वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ राहिल्यास तिच्यातला डेटा जाऊ शकतो. याशिवाय तीन महिन्यांनी एक जुने काम निवडावे आणि फक्त बाहेरच्या डिस्कवरून, वेगळ्या संगणकावर, पूर्ण उघडून पाहावे. एकही क्लिप ऑफलाइन नाही, फॉन्ट जागेवर आहेत आणि मास्टर शेवटपर्यंत चालतो, असे दिसले तरच तो बॅकअप धरावा.

सगळेच कायम ठेवणे लहान स्टुडिओला परवडत नाही, म्हणून फुटेज किती काळ ठेवणार हे पार्टीशी होणाऱ्या लेखी करारातच लिहावे. उदाहरणार्थ, प्रत दिल्यापासून एक वर्ष. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी पार्टीला कळवून, फुटेज हवे असल्यास डिस्क आणण्यास सांगावे. त्यानंतर `01_RAW` तिन्ही ठिकाणांहून पुसावे आणि पुसल्याची तारीख `L037` च्या नोंदीत लिहावी. मास्टर, प्रोजेक्ट आणि `03_ASSETS` तसेच राहतात. पार्टीची एकच मोठी प्रत ठेवली तरी पुरते.