गालगुंडात घास का दुखतो?

सात-आठ वर्षांचं मूल कान दुखतो म्हणून रडतं. ताप बेताचाच असतो. दुसऱ्या दिवशी कानाखाली सूज दिसते, आणि जेवताना लिंबाची फोड जिभेला लागली की ते कळवळतं. कान तपासला तर आत काहीच नसतं, कारण दुखणं शेजारच्या लाळग्रंथीचं असतं.

पॅरोटिड ही आपली सर्वांत मोठी लाळग्रंथी. कानाच्या पुढे आणि खाली, जबड्याचं हाड आणि कानामागचं हाड यांच्या मधल्या अरुंद खाचेत ती बसलेली असते. मानेतला एक चिवट पडदा दुभंगून तिला वेढतो. त्याचा बाहेरचा पदर जाड असतो आणि वर गालाच्या हाडाच्या कमानीला पक्का जोडलेला असतो. गालगुंडाच्या विषाणूमुळे ग्रंथी सुजते, पण हा पदर फारसा ताणत नाही. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि ठणका लागतो.

हा ठणका मेंदूपर्यंत नेणाऱ्या संवेदी नसा दोन. आवरणाकडे येणारी नस मानेतून वर चढते, आणि जबड्याच्या कोपऱ्यावरच्या त्वचेची व कानाच्या पाळीची संवेदनाही तीच नेते. ग्रंथीची दुसरी नस कानाच्या नळीला, कानशिलाला आणि जबड्याच्या सांध्यालाही फांद्या देते. मुलाला कान दुखतोय असं वाटतं ते यामुळे.

जबडा हलला की ती खाच लहानमोठी होते आणि फुगलेली ग्रंथी चेपली जाते, म्हणून घास चावणं नकोसं होतं. आंबटाने लाळ एकदम सुटते. ती तोंडात आणणारी सुमारे 5 सेंटीमीटरची नळी चावण्याच्या स्नायूवरून पुढे जाते, गालात शिरते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. सुजेमुळे लाळेची वाट अडते, तशात नवी लाळ येऊन ताण आणखी वाढतो. म्हणून या दिवसांत मऊ, बिनआंबट जेवणच बरं.

सूज ओळखायची खूण सोपी आहे. मुलाच्या मागे उभं राहून पाहा: कानाची पाळी वर आणि बाहेर ढकललेली दिसते, जबड्याचा कोपरा हाताला लागत नाही. मानेतल्या गाठी सुजल्या असतील तर तो कोपरा सहसा स्पष्ट लागतो.

ग्रंथीच्या आतून चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस फांद्या पसरत जाते. तिच्याखाली एक शीर, आणि त्याहून खोल धमनी. गालगुंडात ही नस बहुधा शाबूत राहते. म्हणून सुजेबरोबर तोंड वाकडं झालं, डोळा मिटेना, तर गालगुंड म्हणून थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं. त्वचा लाल-गरम होऊन दाढेसमोरच्या छिद्रातून पू आला, तर तो जिवाणूंचा संसर्ग. तिथे पू साठला तरी जाड पदराखाली तो बोटाला लवकर जाणवत नाही. शस्त्रक्रिया करायची झाली तर सर्जन पदराला छेद देताना त्या नसेच्या फांद्यांची दिशा धरतात, म्हणजे त्या कापल्या जात नाहीत.